पणतीच्या चित्राखालची बारीक अक्षरे

घटस्थापनेच्या आठवड्यात सहकारी बँकांच्या शाखांवर फ्लेक्स चढतात. वर तोरण, खाली दोन पणत्या, मध्ये हसरे आजी-आजोबा आणि त्यांच्या डोक्यावर टक्केवारीचा भलाथोरला आकडा. ‘दसरा-दिवाळी विशेष ठेव योजना’, ‘ज्येष्ठांना १ टक्का जादा’, ‘मर्यादित कालावधीसाठी’. आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि त्या चांदणीचा खुलासा फ्लेक्सच्या तळाशी, वाचायला चष्माही पुरणार नाही अशा अक्षरांत असतो: ‘अटी व शर्ती लागू’.

या अटी भीतीदायक नसतात आणि बहुतेक वेळा लबाडीच्याही नसतात. पण त्या साध्या मराठीत कुणी सांगत नाही. काउंटरवर गर्दी असते आणि विचारणाऱ्यालाही संकोच वाटतो. म्हणून अशा योजनेचे एक पत्रक घेऊन ते वरून खाली वाचून पाहू. बँकेचे नाव नको. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण २०२५ च्या सणासुदीत महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांत सहज दिसावेत असे आहेत.

पत्रक म्हणते: मुदत ४४४ दिवस, सर्वसाधारण ठेवीदारांना ७.२५ टक्के, ज्येष्ठ नागरिकांना ७.७५ टक्के. त्याच बँकेच्या नेहमीच्या दरपत्रकात एक ते दोन वर्षांच्या मुदतीला ६.७५ टक्के आणि ज्येष्ठांना ७.२५ टक्के असे दर आहेत. आता फ्लेक्सवरचा ‘१ टक्का जादा’ कुठून आला ते कळते. नेहमीच्या ६.७५ वरून थेट ज्येष्ठांच्या सणाच्या ७.७५ वर उडी मारली की एक टक्का भरतो. यातला अर्धा टक्का ज्येष्ठांना श्रावणातही मिळत होता आणि शिमग्यालाही मिळेल. सणाची म्हणून खरी वाढ उरलेल्या अर्ध्या टक्क्याचीच आहे.

हा अर्धा टक्का रुपयांत किती? साडेचार लाखांची ठेव ४४४ दिवस ठेवली तर साध्या हिशेबाने सुमारे २,७०० रुपये. म्हणजे दिवसाला सहा रुपयांच्या आसपास. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याला २,७०० रुपये काही कमी नाहीत, मिळत असतील तर ते घ्यावेतच. मात्र हा आकडा डोक्यात पक्का ठेवावा, कारण पुढची प्रत्येक अट त्याच्याशी ताडून पाहायची आहे.

बँक हा अर्धा टक्का देते कारण तिला याच दिवसांत पैसा हवा असतो. बोनस, पिकाचे पैसे, मुलांनी पाठवलेली रक्कम असा पैसा दिवाळीच्या आगेमागे घरात येतो आणि मुहूर्तावर गुंतवणूक करायची आपल्याकडे रीतच आहे. शिवाय २०२५ हे वर्ष वेगळे होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला आणि मोठ्या बँकांनी ठेवींचे दर भराभर उतरवले. अशा वेळी सहकारी बँकेने थोडा जास्त दर दिला की गावातला ठेवीदार तिच्याकडे वळतो. मोठ्या बँकांकडे चालू आणि बचत खात्यांतला स्वस्त पैसा भरपूर असतो. छोट्या सहकारी बँकेला ठेवींवर जास्त विसंबावे लागते. ती कर्जही लहान व्यापाऱ्यांना, थोड्या चढ्या दराने देते. त्यामुळे अर्धा ते एक टक्का फरक समजण्यासारखा आहे. एखादी बँक आसपासच्या सगळ्यांपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त देऊ लागली, तर मात्र तिला पैशाची इतकी निकड का, हा प्रश्न ठेवीदाराने स्वतःला विचारावा.

४४४ हा आकडा लक्षात राहतो, म्हणून जाहिरातीला बरा. पण त्यामागे बँकेची सोयही असते. संपूर्ण ‘एक ते दोन वर्षे’ या गटाचा दर वाढवला तर तो सगळ्याच ठेवींना द्यावा लागतो. फक्त ४४४ दिवसांची वेगळी योजना काढली की वाढीव दर तेवढ्या ठेवींपुरता राहतो आणि वाटेल तेव्हा बंद करता येतो. स्टेट बँकेची ४०० दिवसांची ‘अमृत कलश’ आणि ४४४ दिवसांची ‘अमृत वृष्टी’ याच जातीच्या. ठेवीदाराने एवढेच बघायचे की अर्जावर आणि पावतीवर ‘४४४ दिवस’ असेच लिहिले आहे ना. घाईत कारकुनाने ‘१५ महिने’ टाकले तर ठेव नेहमीच्या दराच्या गटात जाते आणि सणाचा दर हुकतो.

‘दर बदलण्याचा अधिकार बँकेने राखून ठेवला आहे’ या वाक्याची अनेकांना धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. हा अधिकार पुढे येणाऱ्या ठेवींपुरता असतो. एकदा ठेव स्वीकारली, पावतीवर दर छापला, की त्या ठेवीला मुदत संपेपर्यंत तोच दर. उद्या योजना बंद झाली तरी फरक पडत नाही. उलट बाजूने, व्यवस्थापकाशी ओळख आहे म्हणून पाव टक्का जास्त मागण्यातही अर्थ नाही. ठेवींचे दर आधी जाहीर केलेले असावेत आणि एकाच दिवशी आलेल्या सारख्या ठेवींना ते सारखेच असावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

ज्येष्ठ कोण? ठेव ठेवण्याच्या दिवशी ज्याची साठ वर्षे पूर्ण झाली आहेत असा, भारतात राहणारा नागरिक. वयाचा पुरावा बँकेकडे नोंदलेला असला पाहिजे. संयुक्त ठेव असेल तर पहिले नाव ज्येष्ठाचे हवे, अशी अट बहुतेक बँकांत असते आणि घराघरांत चूक होते ती इथेच. ‘पुढे धावपळ नको’ म्हणून मुलाचे नाव पहिले आणि वडिलांचे दुसरे लिहिले जाते. पैसा वडिलांचा असतो, पण दर मुलाचा लागतो आणि प्राप्तिकराच्या नोंदीत व्याजही मुलाच्या नावावर चढते.

आता त्या गोष्टीकडे वळू, जी पत्रकावर बहुधा नसतेच किंवा असली तर अर्ध्या ओळीत उरकलेली असते: ठेवीचा विमा.

भारतात बँकांतल्या ठेवींचा विमा रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा आणि पतहमी महामंडळ उतरवते. त्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये आहे. त्याआधी १९९३ पासून ती १ लाख होती. ‘एका बँकेत’ म्हणजे त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. बचत खाते, आवर्त ठेव, मुदत ठेवी, सगळ्यांची बेरीज धरली जाते. आणि ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून असते. हे शेवटचे वाक्य फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

त्याचा अर्थ असा, की ५ लाखांची ठेव ठेवली तर विम्याबाहेरचा भाग पहिल्या दिवसापासून साचू लागतो. ७.७५ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, ५ लाखांचे ४४४ दिवसांत सुमारे ५ लाख ४९ हजार होतात. बँक शेवटच्या महिन्यात अडचणीत आली तर वरचे ४९ हजार विम्याबाहेर. मुदत संपेपर्यंत सगळे मिळून ५ लाखांच्या आत राहावे असे वाटत असेल, तर या दराला आणि या मुदतीला सुरुवातीची रक्कम ४ लाख ५५ हजारांच्या पुढे जाता कामा नये. त्याच बँकेत बचत खाते असेल आणि त्यात थोडे पैसे राहत असतील, तर साडेचार लाख हा आकडा सोपा आणि सुरक्षित. मुदतीअखेर त्याचे साधारण ४ लाख ९४ हजार होतात.

हा विमा फक्त बँकांना आहे. पतसंस्थांना नाही, मल्टिस्टेट सोसायट्यांनाही नाही. त्यांच्या पाट्या आणि फ्लेक्स बँकेसारखेच दिसतात, काउंटरही तसेच असतात, व्याज मात्र दोन-तीन टक्क्यांनी जास्त असते. नावात ‘बँक’ शब्द आहे का, हे आधी पाहावे आणि तेवढ्यावर न थांबता विमा असलेल्या बँकांची यादी महामंडळाच्या www.dicgc.org.in या संकेतस्थळावर तपासावी. घरातल्या नातवंडाला हे काम दोन मिनिटांचे आहे.

विम्याचा इतका बाऊ का, असे कुणी विचारील. २३ सप्टेंबर २०१९ रोजी, घटस्थापनेला सहा दिवस असताना, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. तीन दिवसांनी ती १० हजार झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने १ लाखापर्यंत गेली. बँकेच्या कर्जांपैकी बहुतांश एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते आणि ते हजारो बनावट खात्यांआड लपवले होते. अखेर २५ जानेवारी २०२२ पासून ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली. त्यापुढची रक्कम किरकोळ ठेवीदारांना दहा वर्षांत, टप्प्यांनी द्यायची, असे योजनेत ठरले. तिच्यावर ३१ मार्च २०२१ नंतर व्याज थांबवले आणि विलीनीकरणापासून पाच वर्षे उलटल्यावर २.७५ टक्के द्यायचे ठरवले. सत्तरीच्या ठेवीदाराला दहा वर्षांची वाट म्हणजे काय, हे आकड्यात सांगता येत नाही.

या प्रकरणातली सगळ्यात बोचरी गोष्ट वेगळीच आहे. निर्बंध येण्याच्या सहाच महिने आधी संपलेल्या वर्षाचा या बँकेचा प्रसिद्ध ताळेबंद ठीकठाक दिसत होता. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जे, २.१९ टक्के. भांडवलाचे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नियमापेक्षा बरेच वर. हे आकडे पाहून कुणा सुजाण माणसाने तिथे ठेव ठेवली असती तर त्याला मूर्ख म्हणता आले नसते.

म्हणून ‘ताळेबंद वाचा आणि चांगली बँक निवडा’ हा नेहमीचा सल्ला अर्धाच खरा आहे. ताळेबंद पाहावा, जरूर पाहावा. वार्षिक अहवाल शाखेत मागता येतो. निव्वळ एनपीए ६ टक्क्यांच्या वर असेल, बँक तोट्यात असेल किंवा सभासदांना लाभांश देणे अचानक थांबले असेल, तर अर्ध्या टक्क्यासाठी तिथे जाऊ नये. रिझर्व्ह बँकही नागरी बँकांवर सुधारणेची कारवाई सुरू करताना याच ६ टक्क्यांच्या रेषेकडे पाहते. वाईट ताळेबंद धोक्याची सूचना देतो. चांगला ताळेबंद मात्र खात्री देत नाही, कारण तो खोटा असू शकतो आणि ते बाहेरून कळत नाही. ठेवीदाराच्या हातात खरोखर राहते ती एकच गोष्ट, कोणत्या बँकेत किती ठेवायचे.

आता एक हिशेब करू. समजा, साताऱ्यातले एक निवृत्त एसटी कर्मचारी आहेत, वय ६७. पत्नीचे वय ६३. गाठीला १२ लाख रुपये. पत्रक पाहून सगळी रक्कम एकाच पावतीवर, स्वतःच्या नावाने ठेवण्याचा त्यांचा विचार आहे. सणाच्या अर्ध्या टक्क्याने त्यांना ४४४ दिवसांत सुमारे ७,३०० रुपये जास्त मिळतील. मुदतीअखेर रक्कम होईल सुमारे १३ लाख १७ हजार. त्यातले विम्याखाली ५ लाख, बाहेर ८ लाख १७ हजार. म्हणजे ७,३०० रुपयांसाठी आठ लाखांहून अधिक रक्कम त्या एका बँकेच्या प्रामाणिकपणावर सोडायची.

हीच रक्कम वेगळी मांडता येते. साडेचार लाख पतीच्या एकट्याच्या नावे, साडेचार लाख पत्नीच्या एकटीच्या नावे. दोघेही साठीच्या पुढचे आहेत, तेव्हा दोघांनाही ७.७५ टक्के मिळतात आणि दोघांचा विमा स्वतंत्र मोजला जातो. उरले ३ लाख. दोघांच्या संयुक्त नावाची ठेव विम्याच्या हिशेबात आणखी वेगळी धरतात, त्यामुळे ते ३ लाखही त्याच बँकेत विम्याखाली बसतात. नियमात हे चालते. व्यवहारात मात्र ते दुसरीकडे ठेवलेले बरे. विमा असला तरी पैसा त्याच दिवशी हातात येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, निर्बंध आल्यापासून महामंडळाने ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी असा कायदा आहे. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर ही मुदत आणखी ९० दिवसांनी लांबू शकते. या काळात औषधे, वीजबिल, किराणा चालूच असतो.

पूर्वीच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे, हेही सांगायला हवे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. विम्याचे पैसे निर्बंधांच्या काळातच देण्याची तरतूद येईपर्यंत तिच्या ठेवीदारांनी कितीतरी दिवाळ्या वाट पाहण्यात काढल्या. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले, महिनाअखेरीस २५ हजारांपर्यंत काढण्याची परवानगी मिळाली आणि ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांत निकाल लागला. पण ते सहा महिने ज्याचा सगळा पैसा तिथेच होता त्याला फार लांब वाटले असणार.

म्हणून ते ३ लाख डाकघराच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले तर? एक अवघड गोष्ट इथे सांगावी लागते. त्या सरकारी योजनेचा दर २०२५ च्या दिवाळीत ८.२ टक्के होता, म्हणजे सहकारी बँकेच्या सणाच्या दरापेक्षाही जास्त. मर्यादा ३० लाख आणि हमी सरकारची. मग सगळेच तिथे का ठेवू नये? कारण ती योजना पाच वर्षांची आहे, व्याज दर तिमाहीला मिळते आणि मध्येच मोडली तर दंड मुद्दलातून जातो. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. पहिल्या वर्षातच मोडली तर दिलेले व्याजही परत घेतात. ज्यांना पाच वर्षे हात लावायचा नाही अशा पैशाची ती जागा आहे. सहकारी बँकेची ४४४ दिवसांची ठेव जवळच्या गरजेसाठी, घराजवळच्या शाखेत, ओळखीच्या माणसांच्या हाती ठेवलेला पैसा. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

घराजवळच्या ठेवीचे हे काम चोख व्हायचे तर मुदतपूर्व मोडण्याची अट समजून घ्यावी लागते. पत्रकावर ती एका ओळीत असते: ‘मुदतपूर्व बंद केल्यास लागू दरापेक्षा १ टक्का कमी’. यातला ‘लागू दर’ म्हणजे ७.७५ नव्हे. ठेव प्रत्यक्षात जितके दिवस राहिली तितक्या मुदतीला, ठेव ठेवल्याच्या दिवशी जो दर होता, तो लागू दर. समजा साडेचार लाखांची ठेव आठ महिन्यांनी मोडावी लागली. सहा महिने ते एक वर्ष या गटाला ज्येष्ठांचा दर ६.२५ होता. त्यातून दंडाचा एक टक्का वजा जाता हातात येतात ५.२५ टक्के. साध्या व्याजाने मोजले तर ७.७५ ने २३ हजारांच्या पुढे व्याज अपेक्षित होते, मिळतात पंधरा हजार सातशेच्या आसपास. साडेसात हजारांचा फटका, म्हणजे सणाच्या लाभाच्या जवळजवळ तिप्पट.

ज्यांनी दरमहा व्याज घेतले आहे त्यांना हा फटका आणखी विचित्र दिसतो. दरमहा व्याजाचा पर्याय घेतला की साडेचार लाखांवर महिन्याला सुमारे २,८८८ रुपये खात्यात येतात. ७.७५ टक्क्यांचा सरळ बारावा भाग २,९०६ होतो. तिमाहीला मिळायचे व्याज आधीच घेतले म्हणून अठरा रुपये कमी. त्यात काही फसवणूक नाही. पण ठेव मोडली की हिशेब ५.२५ ने होतो आणि आठ महिन्यांत जास्त गेलेले व्याज बँक मुद्दलातून वळते करून घेते. साडेचार लाख ठेवले आणि त्याहून कमी परत आले, असा धक्का काउंटरवर बसतो. भांडणे होतात. चूक मात्र कुणाचीच नसते.

यावर दोन साधे उपाय आहेत. साडेचार लाखांची एक पावती करण्याऐवजी दीड-दीड लाखांच्या तीन पावत्या कराव्यात. गरज लाखाची असेल तर एकच मोडावी लागते, उरलेल्या दोनांना पूर्ण दर मिळतो. आणि गरज दोन-तीन महिन्यांचीच असेल, तर मोडण्याऐवजी ठेवतारण कर्ज घ्यावे. बँका पावतीच्या रकमेच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने ते देतात. ठेवीवर व्याज चालूच राहत असल्याने खरा खर्च त्या एक-दोन टक्क्यांचाच होतो. एक लाखाला तीन महिन्यांसाठी जास्तीत जास्त पाचशे रुपये. एवढे लक्षात ठेवावे की बँक बुडालीच तर विम्याचा दावा देताना त्या बँकेचे कर्ज आधी वजा केले जाते.

१ कोटीपर्यंतच्या व्यक्तिगत मुदत ठेवीला मुदतपूर्व काढण्याची सोय असलीच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले आहे. तेव्हा ‘ही योजना मधे मोडता येत नाही’ असे कुणी काउंटरवर सांगितले तर ते लेखी मागावे. लेखी सहसा मिळत नाही आणि विषय तिथेच मिटतो.

जाहिरातींत आणखी एक आकडा भेटतो, ‘वार्षिक परतावा ९.७२ टक्के’. हा दर नव्हे. ८ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने एक लाखाचे पाच वर्षांत १ लाख ४८ हजार ५९५ रुपये होतात. वरच्या ४८,५९५ ला पाचने भागले की ९,७१९ येतात आणि त्याचाच ९.७२ टक्के केलेला असतो. पैसे तितकेच मिळतात, फक्त आठाचा आकडा पावणेदहासारखा दिसतो. दोन बँकांची तुलना करताना मुदत आणि अखेरची रक्कम विचारावी, टक्का नंतर.

चांदीचे नाणे, सहल, सोडत? ठेवी गोळा करण्यासाठी बक्षीस योजना, सोडती किंवा मोफत सहली काढण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. २५० रुपयांपर्यंतची किरकोळ भेट चालते. कॅलेंडर, पाकीट, फार तर मिठाईचा छोटा डबा. त्याहून घसघशीत काही मिळत असेल तर ती बँक आहे की भलतेच काही, याची चौकशी करावी. पिग्मी गोळा करणारा ओळखीचा एजंट दारात येऊन ‘काका, एफडी मीच करून देतो’ म्हणाला, तरी रक्कम रोख देऊ नये. स्वतःच्या खात्यातून धनादेशाने किंवा वळतीकरणाने द्यावी आणि पावती बँकेतूनच घ्यावी.

कराचे प्रकरण पत्रकात सगळ्यात मोठ्या धास्तीचे, पण या उदाहरणात सगळ्यात छोटे. २०२५-२६ पासून ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेतून वर्षभरात १ लाखापर्यंत व्याज मिळाले तर टीडीएस कापला जात नाही. साडेचार लाखांचे वर्षाचे व्याज पस्तीस-छत्तीस हजार. त्यामुळे आपल्या निवृत्त कर्मचाऱ्याला टीडीएसचा प्रश्न येतच नाही. १५एच अर्ज लागतो तो ज्यांचे व्याज त्या मर्यादेपलीकडे जाते पण एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे, अशांना. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, तेव्हा शाखेत त्या वर्षाचा चालू अर्ज मागून घ्यावा. टीडीएस कापला नाही याचा अर्थ कर माफ झाला असा नव्हे, व्याज विवरणपत्रात दाखवावेच लागते. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्या ज्येष्ठांना सहकारी बँकेतल्या व्याजासह ५० हजारांपर्यंत वजावट मिळते.

पावती हातात आल्यावर सहा गोष्टी तिथेच, खिडकीसमोर उभे राहून वाचाव्यात: नाव, नावांचा क्रम, दर, दिवस, मुदतीची तारीख आणि नामनिर्देशनाची नोंद. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चारपर्यंत नॉमिनी नोंदवता येतात. प्रत्येकाचा वाटा ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. दोन मुले आणि एक मुलगी असलेल्या घरात आता कुणा एकाचेच नाव घालून बाकीच्यांना रुसवण्याची गरज राहिलेली नाही. ठेवीदाराचे निधन झाले आणि वारसांनी ठेव मुदतीआधी काढली तर दंडाचा एक टक्का कापला जात नाही.

समजा ही ठेव धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबर २०२५ रोजी ठेवली. ४४४ दिवस ५ जानेवारी २०२७ ला भरतात. त्या दिवशी काय करायचे हे अर्जातल्या एका चौकटीत विचारलेले असते आणि ती चौकट बहुतेक वेळा घाईत तशीच पुढे जाते. ‘आपोआप नूतनीकरण’ निवडले असेल तर ठेव पुन्हा तितक्याच मुदतीला लागते, पण त्या दिवशीच्या दराने. सणाची योजना तोवर बंद झालेली असते. काहीच निवडले नसेल आणि पैसे तसेच पडून राहिले, तर मुदतीनंतरच्या दिवसांना बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. बचतीचा दर बहुतेक ठिकाणी तीन टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. साडेचार लाख तीन महिने विसरले तर सणात कमावलेल्या २,७०० रुपयांहून अधिक त्यातच जातात. ‘मुदतीअखेर रक्कम बचत खात्यात जमा करावी’ ही सूचना अर्जावर पहिल्याच दिवशी लिहून देता येते. कॅलेंडर मिळाले असेल तर ते २०२६ चे असते, ५ जानेवारी २०२७ ची तारीख त्यात नसते. ती पासबुकाच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवावी लागते.